भरलेल्या हॉटेलात रूम कशी मिळते, आणि कुठे मिळत नाही

प्रश्न: सर, मी म्हापशाला एफवाय बीएस्सीला आहे. ते अनंत खोल्यांचं हॉटेल, सगळं फुल असूनही नव्या माणसाला रूम मिळते म्हणतात, ते मला नुसती चलाखी वाटते. सगळे एकेक रूम पुढे सरकले तर शेवटचा माणूस बाहेर पडणारच ना? आणि समजा नाही पडला, तर मग अनंत माणसं आली तरी तीच युक्ती परत परत करायची, तो दुप्पट नंबरचा फॉर्म्युला कशाला पाहिजे?

उत्तर:

तुझ्या प्रश्नाचा दुसरा भाग पहिल्यापेक्षा कितीतरी चांगला आहे. शेवटच्या माणसाचं काय, हे मला सत्तावीस वर्षांच्या नोकरीत दरवर्षी कोणी ना कोणी विचारलं, पण "परत परत का नाही" हे विचारणारी मुलं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. म्हणून पहिला भाग पटकन उरकतो.

माझ्या चुलतभावाचं कळंगुटला चौदा रूमचं गेस्टहाऊस आहे. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात फोन केलास तर तो "रूम ना रे बाबा" म्हणून ठेवूनच देतो. आता तो फुल म्हणतो तेव्हा खरं तर दोन गोष्टी एका दमात सांगत असतो. एक, प्रत्येक रूममध्ये कोणीतरी आहे. दोन, कशीही अदलाबदल केली तरी आणखी एकाची सोय होणार नाही. चौदा रूममध्ये या दोन गोष्टी कायम जोडीनेच येतात, त्यामुळे आपल्याला दोन वेगळे शब्द कधी लागलेच नाहीत. त्याने सगळ्यांना एकेक रूम पुढे जायला सांगितलं तर चौदा नंबरवाला बॅग घेऊन बल्कांवात येऊन बसेल, बरोबर. पण अनंत हॉटेलात चौदावाला पंधरात जातो, पंधरावाला सोळात, आणि बाहेर पडायचं तर ज्याच्यापुढे रूमच नाही अशी एक रूम लागते. तिचा नंबर मला सांग. जो सांगशील त्याच्या पुढचा नंबर असतोच. म्हणजे इथे पहिली गोष्ट खरी आहे आणि दुसरी खोटी, एवढंच झालंय, चलाखी काही नाही. डेडेकिंड या जर्मन गणितज्ञाने तर १८८८ मध्ये अनंताची व्याख्याच अशी केली, की ज्या समूहाची स्वतःच्याच एका भागाशी एकास एक जोडी लागते तो अनंत. हॉटेलाची गोष्ट नंतरची, हिल्बर्टने १९२४-२५ च्या हिवाळ्यात गॉटिंगेनला व्याख्यानात सांगितली, आणि बाहेरच्या लोकांत ती पसरली ती जॉर्ज गॅमॉवच्या १९४७ च्या पुस्तकामुळे.

आता तुझा दुसरा भाग. समजा म्हापशाच्या स्टँडवरून अनंत प्रवाशांची एक बस हॉटेलवर आली, सीट नंबर १, २, ३ असे पुढे कायमचे. तुझ्या म्हणण्याप्रमाणे करून बघू. रात्री अकराला मॅनेजर माइकवरून सांगतो, सगळ्यांनी एक रूम पुढे व्हा, आणि सीट १ वाला रूम १ मध्ये जातो. साडेअकराला परत तेच, सीट २ वाला रूम १ मध्ये. पावणेबाराला तिसरा, मग साडेसात मिनिटांनी चौथा, असं प्रत्येक वेळी उरलेल्या वेळेच्या निम्म्यावर, म्हणजे बाराच्या ठोक्याला सगळी बस रिकामी झालेली असणार. प्रत्येक घोषणेनंतर हॉटेल तपासून बघ, सगळं व्यवस्थित आहे, प्रत्येक रूममध्ये एक माणूस, एकदा आत घेतलेला कोणी बाहेर नाही.

बारा वाजता मात्र रूम १ मध्ये कोण आहे?

एक माणूस धरून त्याच्या मागे मागे जा. मुळात रूम १ मध्ये होता तो पहिल्या घोषणेनंतर रूम २ मध्ये, दुसऱ्यानंतर ३ मध्ये, शंभराव्यानंतर १०१ मध्ये. तो बारा वाजता रूम ५०० मध्ये असेल का? नाही, ४९९ व्या घोषणेला तो तिथे आला आणि ५०० व्या घोषणेला तिथून गेला, परत कधी आलाच नाही. तू ५०० च्या जागी कुठलाही नंबर घाल, हेच होतं. आणि ही दशा फक्त जुन्या लोकांची नाही, बसमधून आलेला प्रत्येकजणसुद्धा रूम १ मध्ये टेकतो न टेकतो तोच त्याला उठवतात आणि मग त्याचंही तेच चालू. म्हणजे बारा वाजता प्रत्येक रूम रिकामी आणि एकाही माणसाला रूम नाही. बाराच्या आधीच्या प्रत्येक क्षणी हॉटेल ठासून भरलेलं आणि बाराला पार ओस!

मुलं इथे मला म्हणतात सर हे कसं शक्य आहे, प्रत्येक पायरी तर बरोबर होती. होती ना. पण "प्रत्येक पायरीनंतर ठीक" यावरून "सगळ्या पायऱ्या झाल्यावर ठीक" असं निघत नाही, अनंताच्या गणितात सगळ्यात जास्त मार्क इथेच जातात, सिरीज शिकताना परत भेटेल तुला हे भूत. ओळखायची खूण साधी आहे. प्रत्येक माणसाला एकच विचारायचं, तुला एकूण किती वेळा हलवलं? उत्तर कुठलाही ठराविक आकडा असेल, अगदी एक कोटी असला तरी चालेल, तर त्याच्या शेवटच्या हलण्यानंतरची रूम ही त्याची पक्की रूम. पण उत्तर "थांबलोच नाही" असेल तर त्याला रूम दिली असं म्हणताच येत नाही, तो नुसता कॉरिडॉरमध्ये धावतोय.

आणि म्हणूनच तुझी युक्ती थोडी सुधारली तर चालते, हे मला सांगायचंच होतं. सगळ्यांना हलवायचं नाही. पहिल्या घोषणेला सगळे एक पुढे, नवा माणूस रूम १ मध्ये, आणि १ व २ या रूम आता सील, तिथल्यांना परत उठवायचं नाही. दुसऱ्या घोषणेला फक्त रूम ३ पासून पुढचे लोक हलतात, नवा माणूस ३ मध्ये, आता ३ आणि ४ सील. तिसऱ्या घोषणेला रूम ५ पासून पुढचे, नवा ५ मध्ये. आता मोज. मूळ रूम १ वाला एकदा हलला आणि २ मध्ये बसला. मूळ २ वाला दोनदा हलला, ३ मग ४, आणि बसला. मूळ ३ वाला तीनदा, ४, ५, ६, बसला. मूळ १०० वाला शंभर वेळा हलून २०० मध्ये. प्रत्येकजण जुन्या नंबराच्या दुप्पट नंबरात जाऊन स्थिर, आणि बसवाले १, ३, ५ अशा विषम नंबरांत. म्हणजे तो फॉर्म्युला कोणी आकाशातून आणलेला नाही, तुझीच परत परत करायची युक्ती नीट लगाम घालून केली की तोच बाहेर पडतो, फक्त शंभर वेळा उठवण्यापेक्षा एकदाच सांगितलं की आपला नंबर दुप्पट करा आणि तिकडे जा.

लगेच पुढचा प्रश्न येईल म्हणून सांगून ठेवतो, कारण एकदा एका मुलीने वर्गात विचारला होता आणि मी फळ्यापुढे जरा वेळ गप्प उभा होतो. १०० वाल्याला २०० पर्यंत चालायला लागतं, लाखवाल्याला दोन लाखापर्यंत, एवढं लांब कशाला पाठवता, अशी काही सोय नाही का की कोणालाच दहा रूमपेक्षा जास्त चालायला लागणार नाही आणि तरी अख्खी बस मावेल? नाही, अशी सोय असूच शकत नाही, आणि कारण मजेदार आहे. पहिल्या हजार रूम घे. मूळ ९९० पर्यंतचे जे लोक आहेत ते दहाच्या आत चालणार म्हणजे ते सगळे या हजारातच कुठेतरी राहणार. म्हणजे हजारातल्या ९९० रूम त्यांनीच अडवल्या, मोकळ्या फार तर दहा. हजाराच्या जागी दहा लाख घे, मूळ ९,९९,९९० लोक आतच, मोकळ्या परत फार तर दहा. किती पुढपर्यंत बघितलंस तरी दहाच. म्हणजे दहा दहा पावलांची मर्यादा घातली तर पाहुणेही दहाच्या वर घेता येत नाहीत. हॉटेल अनंत आहे म्हणून काहीही करता येतं असं नाही, अनंत पाहुण्यांची सोय करायची तर कोणाला तरी मनमानेल तितकं लांब पाठवावंच लागतं.

आता एक बस झाली, अनंत बसेस आल्या तर? जत्रेच्या रात्री नाटक संपल्यावर देवळाबाहेर गाड्यांची रांग लागते तशी रांग, पण न संपणारी, आणि प्रत्येक बसमध्ये अनंत सीट. इथे पहिल्यांदा सगळे म्हणतात आधी पहिली बस पूर्ण उतरवू, मग दुसरी. ही परत तीच चूक, पहिली बस उतरून संपतच नाही, दुसऱ्या बसवाल्याचा नंबर लागणार कधी? डिक्शनरीच्या क्रमाने लोकांना उभं केलंस तरी हेच होतं, अ, अअ, अअअ, अअअअ यांनीच सगळ्या रूम खाल्ल्या आणि ब आडनावाचा बिचारा गेटवरच. प्रत्येकाच्या पुढे रांगेत मोजकेच लोक असले पाहिजेत, ही अट.

पुस्तकात बहुतेक वेळा मूळ संख्यांची युक्ती देतात. जुने लोक २, ४, ८, १६ या रूममध्ये, पहिली बस ३, ९, २७ मध्ये, दुसरी ५, २५, १२५ मध्ये, असं. चालतं, कोणाची टक्कर होत नाही, पण फार रूम वाया जातात, १, ६, १०, १२, १४, १५ अशा कित्येक रिकाम्याच. फुल हॉटेलात पाहुणे घ्यायला गेलो आणि शेवटी निम्म्याहून जास्त मोकळं, चुलतभावाला सांगितलं तर हिशेबाची वही तोंडावर फेकेल. मला दुसरी पद्धत आवडते. कुठलीही संख्या घे, तिच्यातून जमेल तितक्या वेळा २ ने भाग काढत जा, शेवटी एक विषम संख्या उरते, आणि हे एकाच प्रकारे होतं. मग ठरवायचं असं, २ ने जितक्या वेळा भाग गेला तो बसचा नंबर, आणि उरलेली विषम संख्या कितवी विषम आहे तो सीटचा नंबर. एकदाही भाग जात नसेल तर तो हॉटेलातला जुना माणूस.

रूम ४० घे. ४०, २०, १०, ५, तीन वेळा भाग गेला, उरले ५, आणि १, ३, ५ यात ५ तिसरा. म्हणजे रूम ४० मध्ये तिसऱ्या बसचा सीट ३ वाला. उलट बाजूने, पाचव्या बसमधल्या सीट २ वाल्याला कुठे पाठवायचं? दुसरी विषम संख्या ३, तिला पाच वेळा दुप्पट कर, ६, १२, २४, ४८, ९६. रूम ९६. जुन्या रूम ७ वाल्याला सातवी विषम संख्या, म्हणजे १३. आणि जुना रूम १ वाला, बघ, पहिली विषम संख्या १, तो जागचा हलतच नाही, झोपलाय तर झोपू दे. प्रत्येक माणसाला एकच रूम, प्रत्येक रूममध्ये एकच माणूस, एकही रिकामी नाही. असं काही तुला स्वतःला बनवायचं असेल तर दोन्ही बाजूंनी तपास, माणसाकडून रूमकडे आणि रूमकडून माणसाकडे, पहिलं जमलं नाही तर कोणीतरी बाहेर राहतो, दुसरं जमलं नाही तर काही रूम रिकाम्या राहतात. पाहुण्यांच्या दृष्टीने पहिलं महत्त्वाचं.

इथपर्यंत वाचून वाटायला लागतं की या हॉटेलात कोणीही आलं तरी मावतं. नाही मावत. आणि खरं सांगायचं तर मला हॉटेलाची गोष्ट याच्यासाठीच सांगायला आवडते, पण बहुतेक जण इथे येण्याआधीच थांबतात.

एक वेगळीच बस येते. तिच्यात सीट नंबर नाहीत, सगळे उभे. प्रत्येकाच्या हातात एक न संपणारं तिकीट, त्यावर हो आणि ना असे शब्द ओळीने छापलेले, कायमचे. दोघांची तिकिटं सारखी नाहीत, आणि हो-ना ची जी कुठली ओळ तू कल्पना करशील ती या बसमध्ये कोणाच्या तरी हातात आहेच. हॉटेल रिकामं करून दिलं, सगळ्या रूम मोकळ्या, तरी ही बस मावणार नाही.

समजा मॅनेजर म्हणाला मी सामावून घेतलं सगळ्यांना, ही घ्या माझी वही. वहीची सुरुवात समजा अशी:

रूम १: हो ना हो हो …
रूम २: ना ना हो ना …
रूम ३: हो हो हो ना …
रूम ४: ना हो ना ना …

आपण रूम १ वाल्याचा पहिला शब्द बघायचा, हो, आणि उलटा लिहायचा, ना. रूम २ वाल्याचा दुसरा शब्द ना, आपण लिहायचा हो. रूम ३ वाल्याचा तिसरा हो, आपण ना. रूम ४ वाल्याचा चौथा ना, आपण हो. अशी तिरकी उतरंड उतरत गेलं की एक तिकीट तयार होतं, ना हो ना हो आणि पुढे. हे तिकीट बसमध्ये कोणाकडे तरी आहे, कारण सगळी तिकिटं आहेत. पण तो माणूस रूम १ मध्ये नाही, पहिला शब्द जुळत नाही. रूम २ मध्ये नाही, दुसरा जुळत नाही. रूम ७००० मध्ये असेल? सातहजारावा शब्द जुळणार नाही. तो गेटवरच उभा आहे. ही युक्ती कँटरची, १८९१ ची. तोच निकाल त्याने १८७४ मध्ये वेगळ्या वाटेने आधीच काढला होता, पण ही तिरकी वाट इतकी सोपी आहे की बारावीच्या मुलालाही पटते.

पटते म्हणजे, पहिल्यांदा नाही पटत. दरवर्षी मागच्या बाकावरून एक हात वर येतोच, सर, एकच माणूस राहिलाय ना, मग सगळ्यांना एक रूम पुढे सरकवा आणि त्याला रूम १ द्या, तुम्हीच तर शिकवलं. हा मुलगा मला फार आवडतो, कारण त्याने मघाचं सगळं लक्ष देऊन ऐकलेलं असतं. त्याला मी फळ्याकडे बोलावतो आणि म्हणतो, सरकव आणि नवी वही लिही. तो लिहितो, रूम १ मध्ये ना हो ना हो, रूम २ मध्ये हो ना हो हो, आणि तसं पुढे. मग मी खडू त्याच्याच हातात ठेवतो आणि नव्या वहीवरून तिरकं उतरायला सांगतो. पहिल्याचा पहिला ना, लिही हो. दुसऱ्याचा दुसरा ना, लिही हो. तिसऱ्या रूममध्ये आता ना ना हो ना आलाय, तिसरा शब्द हो, लिही ना. चौथ्यात हो हो हो ना, चौथा ना, लिही हो. हो हो ना हो. हा दुसराच कोणीतरी, तो या नव्या वहीत कुठेच नाही. आपण मॅनेजरच्या एका वहीतली चूक दाखवत नव्हतो, वही कुठलीही आण, तिच्याचकडून तिच्याबाहेरचा माणूस काढून घेता येतो. एकदा तो मुलगा तरी हट्टाने म्हणाला, सर यालाही घालू, आणि मग पुढच्यालाही, परत परत घालत राहू. मी काही बोललो नाही, मघाचं बारा वाजताचं हॉटेल अजून फळ्याच्या डाव्या कोपऱ्यात पुसायचं राहिलं होतं, तो स्वतःच तिकडे बघून हसला आणि जागेवर जाऊन बसला.